एक खुर्ची, एक बेसिन, एक मदतनीस: पार्लरमधली वेळ कशी बांधायची

बाजाराच्या दिवशी खेड्यावरून आलेली बाई दारातूनच विचारते, "ताई, मले साडेपाचची गाडी गाठाची हाये, होईन का?" पार्लर टाकल्यावर पहिली दोन वर्षं माझं उत्तर एकच होतं: "होईल नं, बसा." कधी व्हायचं, कधी बाई ओल्या केसांवर पदर घेऊन स्टँडवर पळायची. कटिंगला किती वेळ लागतो, कलरला किती, हे मलाच नक्की ठाऊक नव्हतं. माझं पार्लर दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात आहे. कटिंग करणारी मी एकटी, बेसिन एक, आणि आता हाताखाली एक मुलगी. खाली लिहिलंय ते एवढ्याच दुकानासाठी आहे. शहरातल्या आठ खुर्च्यांच्या सलूनचा हिशोब वेगळा असतो.

आधी वही, मग मुलगी

नवीन पार्लरवाल्या बहुतेक जणी गर्दी वाढली की आधी मुलगी ठेवतात आणि मग तिला काय काम द्यायचं ते शोधतात. ती दिवसभर झाडू मारते, चहा आणते, आणि महिन्याच्या शेवटी पगार जड वाटतो. मदतनीस ठेवायच्या आधी दोन आठवडे एक वही घाला. मोबाइलमधलं स्टॉपवॉच लावून प्रत्येक कामाचे मिनिट लिहा आणि ते तीन रकान्यांत वाटा: माझे हात, दुसऱ्या कोणाचेही हात, आणि नुसतं थांबणं.

माझ्या वहीतलं एक उदाहरण घेऊ. खांद्यापर्यंत केस असलेली बाई, मुळांना कलर आणि नंतर कटिंग. बसवणं, केप घालणं, बोलणं, केस विंचरून भाग पाडणं यांत १० मिनिटं. कलर कालवायला ५, लावायला २५, मुरायला ३५. मग धुवायला १५, पुसून गुंता काढायला ५, कटिंगला २५, ड्रायर आणि शेवटचा हात फिरवायला २०. बेरीज १४० मिनिटं, म्हणजे दोन तास वीस मिनिटं.

आता यात माझ्याशिवाय अडणारं काय? बाईशी बोलून शेड ठरवायची ती ५ मिनिटं, कलर लावायची २५, कटिंगची २५ आणि शेवटची ५. एकूण ६०. उरलेल्या ८० पैकी ३५ मिनिटं कलर आपलं काम आपण करत असतो आणि ४५ मिनिटांचं काम शिकवलेली कोणतीही मुलगी करू शकते. म्हणजे मी ज्या बाईला दोन तास वीस मिनिटं 'गुंतले होते' म्हणायचे, तिला माझे हात तासभरच हवे होते. मला हे वहीवर दिसेपर्यंत पटलं नव्हतं.

धुऊन कटिंग असेल तर एकूण साधारण ६५ मिनिटं लागतात, त्यातली माझी ३०. सकाळी ११ ते संध्याकाळी ७ दुकान आणि अर्धा तास जेवण धरलं तर हातात ४५० मिनिटं उरतात. एकटीने केल्या तर सहा कटिंग होतात, सातवी अर्धवट राहते. मदतनीस असेल आणि दोन बायांच्या मध्ये ५ मिनिटं मोकळी सोडली तर कागदावर बारा होतात. खऱ्या दिवसात मी दहा धरते. कोणी उशिरा येतं, कोणी लेकरू घेऊन येतं, आणि मलाही पाठ टेकायची असते.

ठरलेली वेळ कशी काढायची

एकाच कामाच्या दहा नोंदी झाल्या की त्या लहान ते मोठ्या लिहून काढा. माझ्या दहा कटिंगची मिनिटं अशी होती: १८, २०, २१, २२, २२, २३, २४, २५, २९, ४१. सगळ्यात मोठे दोन आकडे बाजूला काढले, उरलेल्यांतला मोठा २५. तीच माझी ठरलेली वेळ. सगळ्यात चांगल्या दिवसाचे १८ धरले तर दुपारपर्यंत गाडी रुळावरून घसरते. ४१ धरले तर खुर्ची रिकामी राहते.

पण बाजूला काढलेले दोन आकडे विसरायचे नाहीत, खरं शिकायचं तिथेच असतं. ४१ वाल्या बाईचे केस कमरेपर्यंत होते आणि कोणता कट हवा ते तिने खुर्चीत बसल्यावर ठरवायला घेतलं, मोबाइलमधले फोटो दाखवत. म्हणजे तो वेगळाच प्रकार होता. तेव्हापासून आमच्याकडे केसांचे तीन दर आणि तीन वेळा आहेत: खांद्यापर्यंत, पाठीपर्यंत, कमरेपर्यंत. पाठीला १० मिनिटं जास्त, कमरेला २०. दरपत्रकावर पैशांशेजारी मिनिटंही लिहिली आहेत. आणि फोटो बघायचं काम खुर्चीत होत नाही, बाहेरच्या बाकावर होतं. मदतनीस तिथे बसून दोन फोटो पक्के करून घेते, मग मी त्यातला जमेल तो सांगते.

२९ वालीचं कारण अगदी आपल्याकडचं होतं, तेल. "काल रातीच चोपडलं," म्हणाली. त्या दिवशी धुणंही १० ऐवजी १८ मिनिटांवर गेलं, आणि तरी केस चिकट राहिल्याने कात्री नीट चालेना. आपल्या भागात हे दर तिसऱ्या डोक्याला असतं, त्यामुळे त्याला अपवाद समजू नका. फोनवर वेळ घेणाऱ्या बाईला आम्ही एक वाक्य न चुकता सांगतो, "तेल लावून येऊ नका." न सांगता आलेलीला तेल असलं तर वहीत तिच्या नावापुढे टिंब पडतं आणि ८ मिनिटं वाढतात. दर वाढवत नाही, त्यावरून उगाच वाद होतात.

शॅम्पू मुलीच्या हाती देताना

धुणं हे सोपं काम आहे असं धरून पहिल्याच दिवशी मुलीला बेसिनवर उभं करू नका. आमच्याकडे पहिला आठवडा फक्त केप, टॉवेल आणि विंचरणं. गुंता टोकापासून वर सोडवायचा, मुळापासून खाली ओढायचा नाही. हे हातात बसलं की दुसऱ्या आठवड्यात बेसिन, तेही आधी माझ्या डोक्यावर. तिची बोटं किती जोरात लागतात, नखं लागतात का, पाणी कानात जातं का, हे दुसऱ्याच्या डोक्याकडे पाहून कळत नाही.

पहिली गोष्ट मान. बेसिनच्या कडेवर मान मागे ताणून बाई बराच वेळ राहिली तर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. १९९३ साली अमेरिकेतल्या एका मेंदूविकारतज्ज्ञाने पार्लरमध्ये केस धुतल्यानंतर पक्षाघाताची लक्षणं दिसलेल्या पाच बायांची नोंद प्रसिद्ध केली होती. असं क्वचितच घडतं, पण बचाव इतका स्वस्त आहे की न करण्याला कारण नाही. मानेखाली दुमडलेला टॉवेल ठेवायचा, खुर्ची बेसिनला नीट भिडवायची आणि मध्ये एकदा विचारायचं, "मान दुखते का?" वयस्क बाई किंवा मानेचा त्रास असलेली बाई असेल तर तिला पुढे वाकवून धुवायचं. चक्कर येते म्हणाली तर तिथेच थांबून मला हाक मारायची, हे मुलीला पाठ हवं.

दुसरी गोष्ट पाणी. खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्याला फेस येत नाही. फेस दिसत नाही म्हणून मुलगी शॅम्पू ओतत जाते, मग तो निघत नाही, आणि १० मिनिटांचं काम २० वर जातं. आम्ही नळाचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवतो आणि धुवायला तेच वापरतो. बोअरचं फरशीला आणि टॉवेलला. शॅम्पू सरळ डोक्यावर ओतायचा नाही, मगमध्ये थोड्या पाण्यात कालवून घ्यायचा. तेलकट डोक्याला दोनदा: पहिला हात थोडक्यात, नुसतं तेल सुटण्यापुरता, धुऊन मग दुसरा नीट, मुळांशी बोटांच्या पेरांनी. कंडिशनर फक्त टोकांना. एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देईल इतकं तापतं, म्हणून प्रत्येक वेळी आधी आपल्या मनगटावर घेऊन पाहायचं. हिवाळ्यात उलटं, गीझर आधी लावून ठेवायचा.

धुणं झालं की मी बाईच्या कानामागे आणि मानेच्या वर बोट फिरवते. तिथे निसरडं लागलं तर परत बेसिन. कलर धुतला असेल तर पांढरा टॉवेल दाबून पाहते, डाग उमटला तर परत. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, पण ती मुलीसमोर करायची, म्हणजे पंधरा दिवसांत ती स्वतःच बोट फिरवून मग हाक मारते.

आणि मुलीचे हात. दिवसाला दहा डोकी धुणाऱ्या हातांना महिन्याभरात भेगा पडतात, खाज सुटते. माझ्या पहिल्या मुलीने त्यामुळेच काम सोडलं आणि मला ते ती गेल्यावर कळलं. नायट्राइलचे हातमोजे, कलर धुताना तर सक्तीचे, आणि प्रत्येक धुण्यानंतर हात कोरडे करून मलम. हा खर्च पगारातच धरा.

काय द्यायचं नाही

कलर कालवणं तिचं, पण शेड आणि प्रमाण मी चिठ्ठीवर लिहून देते. कंपनीच्या पत्रकावर क्रीम आणि डेव्हलपरचं प्रमाण छापलेलं असतं, तेच वजनकाट्यावर मोजायचं, अंदाजाने नाही. कलर लावणं माझं. स्मूदनिंगचं क्रीम किती वेळ ठेवायचं हे केस ताणून पाहून ठरतं, तो निर्णय माझा. आयब्रोही माझेच, कारण त्यात चूक झाली तर ती महिनाभर बाईच्या चेहऱ्यावर दिसते.

मदतनिसाने विचारायचे प्रश्न मात्र ठरलेले आहेत आणि मी येण्याआधी ते झालेले असतात. मेहंदी लावली होती का, कधी, कोणती पुडी? आधी कलरने खाज किंवा सूज आली होती का? काळ्या मेहंदीच्या पुड्यांमध्ये बऱ्याचदा केसांच्या डायमधलंच रसायन असतं, आणि काही पुड्यांतल्या धातूच्या क्षारांवर पेरॉक्साइड पडलं की केस जळतात. "मेहंदी लावली व्हती, दोन महिने झाले" असं उत्तर आलं की मुलगी फक्त चिठ्ठीवर लिहिते, पुढचं मी बघते.

पॅच टेस्ट ४८ तास आधी करायची असते, आणि वीस किलोमीटरवरून येणारी बाई त्यासाठी वेगळी फेरी मारत नाही. म्हणून ती आयब्रोला आली की मुलगी विचारते, पुढच्या बाजाराला कलर करायचा का? हो म्हणाली की कानामागे तेव्हाच कलरचा थेंब लावायचा आणि तारीख वहीत लिहायची.

एक चूक सांगते, कारण हुशार मुलीच ती करतात. एका मुलीने कलरला बसलेल्या बाईचं डोकं मला न विचारता आधी चांगलं चोळून धुतलं. स्वच्छ डोकं दिलं तर ताईला बरं, असा तिचा हिशोब. कलर लावल्यावर पाच मिनिटांत बाई कळवळली. डोक्यावरचं नैसर्गिक तेल कातडीला थोडं सांभाळतं. ते नुकतंच चोळून काढलं आणि वर कलर पडला की आग होते. कलरवालीने आदल्या दिवशी धुऊन यावं. फारच तेल असेल तर मुळं न चोळता हलकं धुऊन पूर्ण वाळवायचं. तेव्हापासून चिठ्ठीवर पहिली ओळ 'धुणं: आधी / नंतर' अशी असते.

एक सकाळ, घड्याळासकट

मागच्या हिवाळ्यातला बाजाराचा दिवस. ११ वाजता कलर-कटिंगची बाई आली. मुलीने केप घातली, विंचरलं, मी बोलले. ११.१० ला तिने कलर कालवायला घेतला, ११.१५ ते ११.४० मी लावला. लावून झाला की आरशावर चिकटपट्टीने कागद लावायचा: 'धुणं १२.१५'. वेळ लावून झाल्यापासून मोजायची. जास्त ठेवला की जास्त पक्का होतो हा समज बायांचाही असतो आणि मुलींचाही, त्यामुळे तो कागद सगळ्यांना दिसेल असा हवा.

मी लावत होते तेव्हाच दुसरी बाई आली, कटिंगची. ११.२५ ला मुलीने तिला बेसिनवर घेतलं, ११.४० ला ती माझ्या खुर्चीत. १२.०५ ला कट झाला. मुलीने ड्रायर धरला, पण १२.१५ झाले आणि तिला ड्रायर टाकून कलरवालीकडे जावं लागलं. हा सगळ्यात महत्त्वाचा नियम: ड्रायर थांबू शकतो, गप्पा थांबू शकतात, कलर थांबत नाही. दुसरीचं उरलेलं ५ मिनिटांचं ड्रायर मी केलं आणि १२.२० ला ती निघाली.

१२.२० ते १२.३५ मी नुसत्या आयब्रोला आलेल्या आणखी दोघींचे आयब्रो केले. तोवर कलरवाली धुऊन, पुसून, विंचरून तयार. १२.३५ ते १ तिची कटिंग. त्याच वेळात मुलीने पुढच्या बाईला १२.४० ते १२.५५ धुतलं. १ वाजता मी तिची कटिंग धरली, मुलीने कलरवालीचे केस वाळवले, १.१५ ला हाक मारली. मी पाच मिनिटं तिकडे गेले, शेवटचा हात फिरवला, आणि १.२० ला ती पैसे देऊन निघाली.

एकटी होते तेव्हा ११ ते १.२० मध्ये ही एकच बाई व्हायची. त्या दिवशी ती झाली, एक कटिंग झाली, दोन आयब्रो झाले आणि एक बाई अर्ध्या कटिंगवर खुर्चीत होती. माझे हात जास्त वेगाने चालले नव्हते. कटिंग २५ मिनिटांचीच होती.

कुठे अडतं

एका मुलीवर दोन केमिकलची कामं एकाच वेळी घेऊ नका. कलर आणि स्मूदनिंग दोन्ही बेसिनवर एकाच सुमारास येतात, बेसिन एक आहे, आणि उशीर झाला की कोणाचे तरी केस बिघडतात. स्मूदनिंग आम्ही बाजाराच्या दिवशी घेतच नाही. फोनवर वेळही फक्त लांब कामांना देतो, तीही सकाळच्या पारी. कटिंग आणि आयब्रोला आपल्याकडे कोणी फोन करून येत नाही, त्या मधल्या फटींत बसवायच्या असतात.

लाइट गेली की ड्रायर बंद. तो हजार-दीड हजार वॅटच्या वरचा असतो, घरगुती इन्व्हर्टरवर चालत नाही. लाइट गेल्यावर मुलीने पुढचं डोकं धुवायचं नाही, नाहीतर ओल्या बायांची रांग लागते. मे महिन्यात तेवढी सूट आहे, दारात बसल्या तरी पंधरा मिनिटांत केस वाळतात.

गणित बिघडलंय हे ओळखायला मी डोक्याला टॉवेल बांधून बसलेल्या बाया मोजते. एक असेल तर ठीक. दोघी दहा मिनिटांच्या वर बसल्या असतील तर मुलगी माझ्या पुढे धावतेय, तिला धुणं थांबवायला सांगायचं. आणि मी कात्री घेऊन उभी, खुर्ची रिकामी, असं झालं तर ती मागे पडलीय. बहुतेक वेळा कारण गुंता नाहीतर तेल.

"तुमीच धुवा ना ताई," हे सुरुवातीला रोज ऐकायला मिळेल. बाईला वाटतं, पैसे तुमचे आणि हात मुलीचे. त्यावर भाषण देऊ नका. आल्या आल्या ती पाच मिनिटं मी स्वतः तिच्या केसांत हात घालून बोलते, मग मुलीला नावाने बोलावून तिच्यासमोर सांगते काय करायचं. आणि मुलीला दोन मिनिटं डोकं नीट दाबायला शिकवलंय. तीन महिन्यांत काही जणी मुलीलाच शोधत यायला लागल्या, हेही सांगायला हवं, कारण तेव्हाच तिचा पगार वाढवायची वेळ आलेली असते. वाढवला नाही तर ती वर्षभरात चौकापलीकडे स्वतःचं पार्लर टाकते. वाढवला तरी टाकते कधीकधी. मदतनीस निवडताना चौदा वर्षांखालची मुलगी ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, शेजाऱ्याची असली आणि सुट्टीपुरती असली तरी. आयटीआयमधून कॉस्मेटॉलॉजीचा कोर्स केलेली मिळाली तर पहिला आठवडा वाचतो, दुसरा नाही. खाऱ्या पाण्यात तेलकट डोकं धुणं तिलाही इथेच शिकावं लागतं.

वही दर सहा महिन्यांनी परत घाला, विशेषतः मुलगी बदलली की. आमच्याकडे आता ती आरशाखालच्या खणात असते, शेजारी एसटीचं वेळापत्रक चिकटवलंय. साडेपाचची गाडी म्हटलं की मी आधी केस बघते, तेल बघते, वहीतले आकडे मिळवते, स्टँडपर्यंतची दहा मिनिटं धरते. सव्वाचारला आलेल्या बाईला धुऊन कटिंग होईल म्हणते, कलर नाही म्हणते. ती कुरकुरते, कटिंग करून जाते, आणि कलरसाठी कानामागे थेंब लावून घेते.